इंटर्नशिप 30 जूनला संपते, पण तक्रारीची मुदत त्याआधी संपू शकते

"मी पुण्यातल्या एका कंपनीत सहा महिन्यांची इंटर्नशिप करते आहे. अभियांत्रिकीचं शेवटचं सत्र आहे, इंटर्नशिप 30 जूनला संपते. माझे मेंटॉर पहिल्यापासून कपड्यांवर, दिसण्यावर बोलायचे. 25 मार्चला क्लायंटकडून परत येताना ऑफिसच्या कॅबमध्ये त्यांनी माझ्या मांडीवर हात ठेवला. मी हात बाजूला केला, पण बोलले काही नाही. तेव्हापासून रात्री अकरा-साडेअकराला मेसेज येतात. सुरुवातीला मी 'ओके सर' लिहून स्मायली टाकायचे. 6 जूनला ते म्हणाले, 'एकदा बाहेर जेवायला चल, मग तुझा फॉर्म भरतो.' कॉलेजचा मूल्यांकन फॉर्म त्यांनीच भरायचा आहे. एचआर मॅडम म्हणाल्या, 'तू एम्प्लॉयी नाहीस, कॉलेजला सांग.' कॉलेजचं प्लेसमेंट बघणारे टीपीओ सर म्हणाले, 'तीनच आठवडे राहिलेत, काढ कसेतरी.' मला तक्रार करता येते का? आणि ती लिहायची कशी?"

तक्रार करता येते, आणि ती कंपनीतच करता येते. एचआर मॅडमनी जे सांगितलं ते चूक आहे. लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा, ज्याला सगळे पॉश कायदा म्हणतात, त्यात 'कर्मचारी' कोण याची व्याख्या मुद्दाम रुंद ठेवली आहे. कायम, तात्पुरती, रोजंदारीवरची, कंत्राटदारामार्फत आलेली, पगार घेणारी आणि पगार न घेणारी अशा सगळ्या त्यात येतात. प्रशिक्षणार्थी आणि ॲप्रेंटिस हे शब्द तर त्या व्याख्येत थेट लिहिलेले आहेत. तुम्हाला स्टायपेंड मिळतो की नाही, ऑफर लेटरवर 'इंटर्न' लिहिलंय की 'ट्रेनी', कंपनीच्या पटावर तुमचं नाव आहे की नाही, यातल्या कशानेही फरक पडत नाही. शिवाय तक्रार करणारी स्त्री त्या ठिकाणी नोकरीला असलीच पाहिजे, अशीही अट कायद्यात नाही. ऑफिसची कॅबसुद्धा 'कामाचं ठिकाण' धरली जाते, कारण मालकाने पुरवलेलं वाहन त्या व्याख्येत आहे. त्यामुळे 'ते ऑफिसबाहेर घडलं' हे उत्तरही चालणार नाही.

तुमच्या बाबतीत खरा प्रश्न मुदतीचा आहे, म्हणून आधी तारखा बघू.

लेखी तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत द्यावी लागते. घटनांची मालिका असेल तर शेवटच्या घटनेपासून तीन महिने मोजतात. तक्रारीची चौकशी करणाऱ्या समितीला कारण पटलं तर ती आणखी तीन महिने वाढवू शकते, पण ते तिच्या हातात असतं, तुमच्या नाही. तुमच्याकडे 25 मार्च, मधले मेसेज आणि 6 जून अशी सरळ मालिका आहे. तशी ती धरली गेली तर मुदत 6 सप्टेंबरच्या आसपास संपते. पण समोरचा माणूस म्हणणार, की कॅबमधली गोष्ट वेगळी, जेवायला बोलावलं ती वेगळी, आणि मेसेज तर कामाचे होते. हे समितीने मान्य केलं तर सगळ्यात गंभीर घटनेची, म्हणजे स्पर्शाची, मुदत 25 जूनलाच संपते. इंटर्नशिप संपायच्या पाच दिवस आधी. 'आधी सर्टिफिकेट हातात पडू दे, मग बघू' या विचारात बहुतेक मुली नेमक्या इथेच अडकतात.

एक गैरसमज इथेच काढून टाकते. पुढे जुलैमध्ये फॉर्मवर वाईट शेरा आला तर मुदत तिथून नव्याने मोजता येईल, असं समजू नका. सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर एका विधी विद्यापीठातल्या प्राध्यापिकेचं प्रकरण होतं. छळाची शेवटची घटना एप्रिल 2023 मधली आणि तक्रार डिसेंबर 2023 मधली. एप्रिलनंतर तिच्याविरुद्ध झालेले निर्णय प्रशासकीय आहेत, ते लैंगिक छळाच्या मालिकेत धरता येत नाहीत, असं न्यायालयाने म्हटलं आणि तक्रार मुदतीबाहेरची ठरली. 'जेवायला चल, मग फॉर्म भरतो' हे वाक्य मात्र स्वतःच छळ आहे, कारण त्यात कामाच्या बदल्यात केलेली मागणी आहे. नुसता वाईट शेरा तसा धरला जाईलच याची खात्री नाही.

तेव्हा ठरवा, की तक्रार 20 जूनपर्यंत जाईल.

दुसरी गोष्ट पुराव्यांची, आणि इंटर्नला तिचा फटका नोकरदारापेक्षा लवकर बसतो. 30 जूनला संध्याकाळी तुमचा लॅपटॉप परत जाईल आणि ऑफिसचा मेल बंद होईल, ऑफिसचं चॅटही. त्यातलं सगळं तुमच्या हातून जाईल. म्हणून आज बसून फक्त या विषयाशी संबंधित मेसेज तेवढे बाजूला काढा. कंपनीची कामाची कागदपत्रं, कोड, क्लायंटची माहिती स्वतःच्या मेलवर अजिबात पाठवू नका. तुम्ही सही केलेल्या गोपनीयतेच्या करारावर बोट ठेवून तुम्हालाच आरोपी करायला तेवढं पुरतं. ऑफिसच्या चॅटचे फोटो आपल्या फोनने काढा, त्यात तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. व्हॉट्सॲपचं बघायचं तर स्क्रीनशॉटमध्ये सेव्ह केलेलं नाव दिसतं, नंबर दिसत नाही. म्हणून त्यांच्या प्रोफाइलचा, नंबर दिसेल असा एक वेगळा स्क्रीनशॉट घ्या आणि पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा. डिसअपिअरिंग मेसेज चालू असतील तर हे आजच करा.

आणि स्वतःचे मेसेज खोडू नका. त्या स्मायलीसुद्धा नाहीत. तुम्ही त्या खोडल्या तरी त्या समोरच्याच्या फोनमध्ये राहतात, आणि चौकशीत त्याने त्या काढल्या की समिती विचारते, तुम्ही त्या का लपवल्या. त्यापेक्षा तक्रारीत तुम्हीच सांगून टाका. मूल्यांकन ज्याच्या हातात आहे त्याला बाविशीतली मुलगी 'ओके सर' लिहिते, यात समितीला समजणार नाही असं काही नाही. कायदा बघतो ते वागणं नकोसं होतं का. तुम्ही मोठ्याने विरोध केला का, हे बघत नाही. तुम्ही हात बाजूला केला होता, हीच तुमची नाखुशी. ती तक्रारीत यायला हवी.

25 मार्चला घरी पोचल्यावर तुम्ही कुणाला काही सांगितलं होतं का, ते आठवा. मैत्रिणीला पाठवलेला 'आज फार घाण वाटतंय' असा एखादा मेसेजही त्या रात्रीच्या वेळेसकट मोलाचा असतो, कारण तो तक्रारीचा विचार डोक्यात येण्याच्या आधीचा असतो. कॅबच्या फेरीची नोंद, क्लायंटकडच्या मीटिंगचं निमंत्रण, चालकाचं नाव माहीत असेल तर ते, यांचा उल्लेख करा. हे कागद तुमच्याकडे नसले तरी चालतील. मागवण्याचा अधिकार समितीला आहे, तिला फक्त कळलं पाहिजे की ते कुठे आहेत.

आता तक्रार. ती एचआरला नाही, कंपनीच्या अंतर्गत समितीच्या पीठासीन अधिकाऱ्यांना द्यायची. दहा किंवा त्याहून जास्त माणसं काम करतात तिथे ही समिती असायलाच हवी. तिच्या प्रमुख वरिष्ठ पदावरच्या स्त्री असतात आणि एक सदस्य कंपनीबाहेरची असते. समितीची माहिती ऑफिसात दिसेल अशी लावणं बंधनकारक आहे. पॅन्ट्रीजवळचा फलक, कंपनीचं अंतर्गत संकेतस्थळ, रुजू होताना मिळालेली धोरणाची प्रत, या तिन्हीत बघा. एचआरकडे गेलेला मेल 'फीडबॅक' म्हणून पडून राहू शकतो. समितीकडे गेलेल्या लेखी तक्रारीला मात्र घड्याळ लागतं. म्हणून विषयात स्पष्ट लिहा: 'लैंगिक छळ प्रतिबंध कायदा 2013, कलम 9 नुसार लेखी तक्रार'. समिती सापडलीच नाही, कंपनी दहा माणसांपेक्षा लहान निघाली किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असती, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. तिची माहिती जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात मिळते. केंद्र सरकारच्या shebox.wcd.gov.in या पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते.

मेल स्वतःच्या खासगी पत्त्यावरून पाठवा. ही बारीक गोष्ट वाटेल, पण इंटर्नसारख्या थोड्या काळासाठी आलेल्यांच्या तक्रारी इथेच बुडतात. चौकशी 90 दिवसांत पूर्ण करायची असते, म्हणजे तुमची सुनावणी तुम्ही कंपनीतून बाहेर पडल्यावर होणार. सुनावणीची नोटीस बंद झालेल्या ऑफिसच्या मेलवर गेली, तुम्हाला कळलंच नाही, आणि तुम्ही लागोपाठ तीन सुनावण्यांना सबळ कारणाशिवाय गैरहजर राहिलात, तर समिती चौकशी थांबवू शकते. त्याआधी तिने पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यायची असते, पण ती नोटीसही त्याच बंद पत्त्यावर जाईल. तक्रारीतच खासगी मेल, मोबाइल आणि घरचा पत्ता द्या. परीक्षेच्या तारखा कळवा. 1 जुलैनंतर तुम्ही गावी जाणार असाल तर व्हिडिओ कॉलवर हजर राहण्याची परवानगी आत्ताच लेखी मागा.

नियमांप्रमाणे तक्रारीच्या सहा प्रती, पुराव्याचे कागद आणि साक्षीदारांची नावं-पत्ते द्यायचे असतात. मेलवर पीडीएफ पाठवली तरी सहा प्रती छापून समितीकडे द्या आणि आपल्या सातव्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. कायद्यात भाषेची अट नाही, मराठीत लिहिलेलं चालतं. लिहिणं जमत नसेल तर लिहायला मदत करणं हे समितीचं काम आहे, हेही कायद्यातच आहे.

लिहिताना सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे वागणुकीचं वर्णन न करता तिला विशेषण लावणं. 'सर माझ्याशी अश्लील वागतात, मला असुरक्षित वाटतं' हे खरं असतं, पण त्यावर समितीला विचारता येत नाही आणि समोरच्याला नाकारायला सोपं जातं. त्याऐवजी काय घडलं ते असं लिहा:

"25 मार्च रोजी संध्याकाळी साधारण साडेसहा वाजता आम्ही क्लायंटच्या कार्यालयातून कंपनीने पाठवलेल्या कॅबमधून निघालो. मी मागे डावीकडे बसले होते, ते माझ्या शेजारी होते, पुढे फक्त चालक होता. थोड्या वेळाने त्यांनी माझ्या उजव्या मांडीवर हात ठेवला. मी तो हाताने बाजूला केला आणि दाराकडे सरकले. मी काही बोलले नाही, कारण माझं मूल्यांकन त्यांच्याकडे आहे आणि मी घाबरले होते. त्या रात्री मी मैत्रिणीला मेसेज केला, त्याची प्रत सोबत जोडली आहे."

वेळ नक्की आठवत नसेल तर 'साधारण' लिहा, ओढूनताणून मिनिटं लिहू नका. कॅबच्या नोंदीत वेळ वेगळी निघाली तर त्या एका आकड्यावरून तुमच्या बाकीच्या म्हणण्यावर शंका घेतली जाते. त्यांचे शब्द जसेच्या तसे आठवतात तिथेच अवतरणचिन्हं द्या. मेसेजबद्दल लिहिताना आशय सांगत बसू नका, तारीख, वेळ आणि मजकूर टिपा, आणि स्मायलीसाठी एक वाक्य: 'सुरुवातीला मी स्मायलीसह उत्तर दिलं, कारण उत्तर न दिल्यास ते दुसऱ्या दिवशी कामावरून बोलतील असं मला वाटत होतं.' हे तुमचं खरं कारण असेल तरच लिहा, नाहीतर जे होतं ते लिहा. एचआर मॅडमना केव्हा सांगितलं आणि त्या काय म्हणाल्या हेही तारखेसह येऊ द्या. त्यांच्यावर आरोप म्हणून नको, तुम्ही गप्प बसला नव्हतात एवढं त्यातून दिसतं.

तुमच्यासाठी सगळ्यात कामाचा परिच्छेद तक्रारीच्या शेवटी यायला हवा, आणि तोच सहसा राहून जातो. चौकशी चालू असताना अंतरिम दिलासा मिळतो, पण लेखी मागितला तरच. आरोप असलेल्या माणसाने तक्रारदाराच्या कामाचं मूल्यांकन करायचं नाही, ते दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यायचं, अशी शिफारस समिती करू शकते. नियमात हे स्पष्ट लिहिलेलं आहे. तेव्हा लिहा: 'माझा कॉलेजचा मूल्यांकन फॉर्म आणि पूर्णत्वाचं प्रमाणपत्र दुसऱ्या अधिकाऱ्याने 30 जूनपूर्वी द्यावं. उरलेल्या दिवसांसाठी मला दुसरा मेंटॉर द्यावा. त्यांनी मला कामाबाहेर कोणत्याही मार्गाने संपर्क करू नये.' कायद्यात तीन महिन्यांपर्यंत रजाही मागता येते. तुमच्या बाबतीत तो सल्ला आम्ही देत नाही, कारण कॉलेज इंटर्नशिपचे दिवस मोजतं आणि रजेने ते कमी भरतील. घरून काम मागणं बरं. इंटर्नशिपनंतर तिथेच नोकरी देण्याची, म्हणजे पीपीओची, बोलणी चालू असतील तर तसंही लिहा, कारण पुढे भरपाई ठरवताना समिती करिअरची गेलेली संधी विचारात घेते.

तक्रार गेल्यावर सात कामकाजाच्या दिवसांत तिची प्रत मेंटॉरना जाते आणि त्यांना उत्तराला दहा कामकाजाचे दिवस मिळतात. म्हणजे 20 जूनला दिलेली तक्रार त्यांच्या हाती महिनाअखेरीस पडू शकते, तुम्ही अजून त्याच मजल्यावर असताना. म्हणून दुसऱ्या मेंटॉरची विनंती पहिल्याच दिवशी जायला हवी. याच काळात कुणीतरी जवळ येऊन म्हणेल, 'तो माफी मागायला तयार आहे, तू तर जाणारच आहेस, मिटवून टाक.' कायद्यात समेटाची सोय आहे, पण ती फक्त तुम्ही मागितली तर, आणि पैशाच्या व्यवहारावर समेट करता येत नाही. समेट झाला की चौकशी होत नाही, हे लक्षात ठेवून उत्तर द्या. शेवटच्या दिवशी एक्झिट फॉर्म येईल. 'मेंटॉरबद्दल अनुभव कसा होता' या रकान्यात सवयीने 'खूप छान' लिहू नका. तो कागद चौकशीत पुढे येतो. 'या विषयावर समितीकडे तक्रार दिली आहे' एवढं पुरे.

तुमच्याकडे पुरेसा पुरावा नाही आणि तक्रार सिद्ध झाली नाही तर तुमच्यावरच कारवाई होईल, अशी भीती कुणी घातली तर तेही खरं नाही. आरोप सिद्ध करता न येणं म्हणजे खोटी तक्रार नव्हे, असं कायदाच म्हणतो. खोटेपणा आणि वाईट हेतू वेगळा सिद्ध व्हावा लागतो.

कॉलेजकडे वेगळा अर्ज द्या, पण तो टीपीओ सरांकडे नाही, कॉलेजच्या अंतर्गत समितीकडे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2015 च्या विनियमांत परिसराची व्याख्या इंटर्नशिपच्या जागेपर्यंत नेली आहे, तेव्हा 'ते तिकडे घडलं' म्हणून कॉलेजला हात झटकता येत नाहीत. कॉलेज त्या मेंटॉरला शिक्षा करू शकत नाही, त्यासाठी कंपनीचीच समिती हवी. कॉलेजच्या हातात तुमचे गुण आहेत. तिथे एवढंच मागा, की कंपनीचा फॉर्म उशिरा आला तर सत्राचा निकाल अडवू नये, आणि त्या मेंटॉरच्या सहीचा शेरा ग्राह्य धरू नये. तक्रारीची पूर्ण प्रत टीपीओंना किंवा वर्गाच्या ग्रुपवर पाठवू नका, लिंक्डइनवरही काही लिहू नका. चौकशीचा मजकूर आणि नावं जाहीर करायला कायद्याने मनाई आहे. आई-वडिलांना आणि वकिलाला सांगायला हरकत नाही.

पोलिसांत जाण्याचा मार्ग वेगळा आहे आणि समितीच्या तक्रारीने तो बंद होत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम 75 लैंगिक छळाचं आहे, आणि तुम्हाला गुन्हा नोंदवायचा असेल तर मदत करणं हे मालकाचं कर्तव्य आहे.

तुमच्यासारखाच अनुभव एखाद्या मुलग्याला आला असेल तर हा 2013 चा कायदा त्याला लागू होत नाही, तो फक्त स्त्रियांसाठी आहे. आयोगाच्या विनियमांत मात्र विद्यार्थी कुठल्याही लिंगाचा असला तरी तक्रार घेतली जाते. त्याने सुरुवात कॉलेजच्या समितीपासून करावी आणि कंपनीचं स्वतःचं धोरण स्त्री-पुरुष दोघांना धरून आहे का ते बघावं.

आज रात्री चॅट एक्स्पोर्ट करा आणि उद्या समितीच्या सदस्यांची नावं शोधा. मसुदा झाल्यावर एकदा मोठ्याने वाचा. जिथे 'नेहमी' किंवा 'सारखं' लिहिलं असेल तिथे तारीख घाला. तारीख आठवत नसेल तर 'मे महिन्यात आठवड्यातून दोन-तीनदा' असं जे खरं असेल ते लिहा.